मागे पडलेल्या वर्षाचं पत्र

30 मार्च 2000 रोजी न्यूयॉर्कच्या ज्युलियन रॉबर्टसन यांनी आपल्या गुंतवणूकदारांना एक पत्र पाठवलं. 1980पासून चालवलेला टायगर हा फंड आपण बंद करत आहोत, असं त्यात लिहिलं होतं. अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या गुंतवणूकदारांमध्ये रॉबर्टसन यांची गणना होत असे. ऑगस्ट 1998मध्ये त्यांच्याकडे सुमारे 22 अब्ज डॉलर होते. दीड वर्षात त्यातले सुमारे 6 अब्ज उरले. 1999मध्ये अमेरिकेचा एस अँड पी 500 हा निर्देशांक 21 टक्के वाढला आणि टायगर 19 टक्के खाली आला. आपण चांगले धंदे वाजवी भावात घेत होतो, पण बाजार इंटरनेट कंपन्यांना वाटेल तो भाव देत सुटला आहे, असं त्यांनी कारण दिलं. हा फुगा फुटणार हे त्यांनी ठामपणे लिहिलं, पण तो कधी फुटेल हे आपल्याला सांगता येत नाही, असंही कबूल केलं.

नॅसडॅक हा तंत्रज्ञान कंपन्यांचा निर्देशांक त्याआधी वीसच दिवस, म्हणजे 10 मार्चला, शिखरावर पोहोचला होता. पुढच्या अडीच वर्षांत तो तीन चतुर्थांशांहून जास्त कोसळला. रॉबर्टसन यांचं निदान बरोबर ठरलं, पण तोवर त्यांचा फंड उरला नव्हता.

फंड मॅनेजर आपल्या गुंतवणूकदारांना वर्षाच्या किंवा तिमाहीच्या शेवटी पत्र लिहितो. आपल्याकडे पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिस म्हणजे पीएमएस घेणाऱ्यांना अशी पत्रं येतात आणि काही म्युच्युअल फंडही ती छापतात. त्यांपैकी सर्वांत अवघड पत्र म्हणजे, ‘यंदा आपण निर्देशांकाच्या मागे राहिलो आणि त्याचं कारण म्हणजे आपण जाणूनबुजून स्वस्त शेअरांकडे झुकलो होतो,’ असं सांगणारं. हे कारण अगदी खरं असू शकतं, आणि चुका झाकायलाही ते तितकंच सोयीचं असतं. दोन्ही पत्रांची भाषा सारखीच असते. फरक आकड्यांत असतो, आणि तो सामान्य वाचकाला कागद-पेन्सिल घेऊन शोधता येतो.

झुकाव म्हणजे नेमकं काय

स्वस्त शेअर म्हणजे कमी रुपयांचा शेअर, हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे. समजा, एका कंपनीचा शेअर 20 रुपयांना मिळतो आणि ती वर्षाला शेअरमागे 25 पैसे कमावते. म्हणजे तुम्ही कमाईच्या ऐंशीपट पैसे मोजता. दुसऱ्या कंपनीचा शेअर 2000 रुपयांचा आहे, पण ती शेअरमागे 200 रुपये कमावते. इथे तुम्ही दहापटच मोजता. यातला स्वस्त शेअर 2000 रुपयांचा. या पटीला पीई म्हणतात. कमाई, पुस्तकी मूल्य, विक्री किंवा लाभांश यांच्या मानाने ज्यांचा भाव कमी आहे ते व्हॅल्यू शेअर. ज्यांची कमाई वेगाने वाढेल या आशेवर लोक चढा भाव देतात ते ग्रोथ शेअर.

आता निर्देशांकाकडे पाहू. निर्देशांकात कंपनीचं वजन तिच्या बाजारमूल्यावर ठरतं. शेअर वाढला की त्याचं वजन वाढतं. त्यामुळे एखाद्या वर्षी मूठभर महागडे शेअर आणखी महाग होत गेले, तर निर्देशांक त्यांच्याच जोरावर वर जातो. व्हॅल्यूकडे झुकलेला मॅनेजर नेमके तेच शेअर कमी ठेवतो, कारण त्याच्या हिशेबाने त्यांचा भाव परवडण्याजोगा राहिलेला नसतो. अशा वर्षी त्याचं मागे पडणं हा अपघात नसतो. ती त्याच्या पद्धतीची किंमत असते आणि कधी ना कधी ती चुकवावीच लागते. अमुक वर्ष मागे का गेलं, एवढ्यावर वाचकाने थांबू नये. जेवढा झुकाव होता तेवढंच मागे पडलो की त्याहून जास्त, हे विचारावं.

पहिला हिशेब: झुकावाचा वाटा किती

1999चंच वर्ष घेऊ. रसेल 1000 या निर्देशांकात अमेरिकेतल्या सुमारे एक हजार सर्वांत मोठ्या कंपन्या असतात. तोच निर्देशांक व्हॅल्यू आणि ग्रोथ अशा दोन भागांतही मोजला जातो. बाजारमूल्याने हे भाग साधारण निम्मे-निम्मे असतात. लाभांश धरून 1999मध्ये व्हॅल्यू भागाने 7.35 टक्के परतावा दिला, ग्रोथ भागाने 33.16 टक्के आणि संपूर्ण निर्देशांकाने 20.9 टक्के.

आता एक कल्पित मॅनेजर धरू. निर्देशांकाचे आकडे खरे आहेत, मॅनेजर मात्र उदाहरणापुरता. त्याने ग्राहकांना आधीच सांगितलं होतं की 100 रुपयांपैकी 75 व्हॅल्यू भागात आणि 25 ग्रोथ भागात असतील. वर्षअखेरीस त्याचा परतावा निघाला 9.8 टक्के. ग्राहकाचे पैसे वाढलेच आहेत. पण निर्देशांकात असते तर दुपटीहून जास्त वाढले असते, हे तो जाणतो आणि त्याचा चेहरा पडतो. पत्रात मॅनेजर लिहितो, ‘हा 11.1 टक्क्यांचा फरक आपल्या व्हॅल्यू झुकावामुळे पडला.’

तपासून पाहू. त्या मॅनेजरने स्वतःची अक्कल अजिबात वापरली नसती, व्हॅल्यू निर्देशांकात 75 रुपये आणि ग्रोथ निर्देशांकात 25 रुपये नुसते ठेवले असते, तर काय मिळालं असतं? 75 रुपयांवर 7.35 टक्के म्हणजे साडेपाच रुपये. 25 रुपयांवर 33.16 टक्के म्हणजे जवळपास 8 रुपये 30 पैसे. बेरीज 13.8. म्हणजे निव्वळ झुकावामुळे तो 20.9वरून 13.8वर आला असता. झुकावाचा वाटा झाला 7.1 टक्के. प्रत्यक्षात त्याला मिळाले 9.8. मधले 4 टक्के झुकावाचे नाहीत. ते त्याने निवडलेल्या शेअरांचे, त्याच्या खर्चाचे आणि त्याच्या फीचे आहेत.

प्रामाणिक पत्रात हे दोन आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. ‘सात टक्के आपण ठरवून घेतलेल्या मार्गाचे, चार टक्के माझ्या निवडीचे आणि खर्चाचे, आणि त्या निवडीत या-या कंपन्या चुकल्या.’ बचाव करणाऱ्या पत्रात अकराच्या अकरा टक्के एकाच शब्दाच्या खात्यावर जमा होतात.

हा भेद कशासाठी महत्त्वाचा, ते पुढच्या वर्षी दिसलं. 2000मध्ये वारा फिरला. व्हॅल्यू भाग 7 टक्के वाढला, ग्रोथ भाग 22.4 टक्के पडला आणि संपूर्ण निर्देशांक 7.8 टक्के खाली आला. निर्देशांकात ठेवलेले 100 रुपये दोन वर्षांत सुमारे 111.5 झाले. नुसता 75-25 झुकाव ठेवणाऱ्याचे 113.4 झाले. झुकावाने पहिल्या वर्षी जे घेतलं ते दुसऱ्या वर्षी थोड्या व्याजासह परत दिलं. पण आपल्या मॅनेजरने पहिल्या वर्षी निवडीत गमावलेले चार टक्के परत आले नाहीत. दुसऱ्या वर्षी त्याने एकही चूक केली नाही असं धरलं, तरी त्याच्या ग्राहकाचे 109.4 रुपयेच होतात, निर्देशांकाहून दोन रुपये कमी. बाजाराचा कल फिरला की झुकावाचं नुकसान भरून निघू शकतं, निवडीचं नुकसान त्याच्याबरोबर आपोआप भरून येत नाही.

आणि जो ग्राहक 1999च्या अखेरीस कंटाळला, ‘हा मॅनेजर जुन्या काळातला आहे’ म्हणून पैसे काढून ग्रोथ भागात गेला, त्याच्या 109.8 रुपयांचे वर्षभरात 85.2 रुपये झाले. चुका करणाऱ्या मॅनेजरपाशी तो थांबला असता, तरी त्याला चोवीस रुपये जास्त मिळाले असते.

दुसरा हिशेब: भाव पडला की कमाई पडली

अशा पत्रात एक वाक्य हमखास असतं: ‘आपले शेअर आता आणखी स्वस्त झाले आहेत, त्यामुळे पुढची संधी मोठी आहे.’ हे वाक्य कधी खरं असतं आणि कधी घातक. ते ओळखण्यासाठी दोनच आकडे लागतात.

एक शेअर 100 रुपयांना घेतला, कमाई 10 रुपये, म्हणजे पीई 10. वर्षानंतर भाव 92 झाला. या काळात कमाई 10वरून 11 झाली असेल, तर पीई सव्वाआठच्या आसपास येतो. धंदा वाढला, लोकांनी त्याला कमी भाव दिला. इथे ‘आणखी स्वस्त’ हे शब्द खरे आहेत. पण कमाई 10वरून 8वर आली असेल, तर 92 रुपयांना पीई साडेअकरा होतो. भाव उतरूनही शेअर महाग झाला. मॅनेजरने स्वस्त समजून घेतलेली वस्तू मुळात स्वस्त नव्हती, तिचा धंदाच आटत होता. बाजारात याला व्हॅल्यू ट्रॅप म्हणतात. यात अडकलेला माणस भाव पडेल तसतशी आणखी खरेदी करतो आणि प्रत्येक वेळी त्याला आपण शहाणपणच करतो आहोत असं वाटतं.

म्हणून पत्रात संपूर्ण पोर्टफोलिओची कमाई वर्षभरात किती वाढली वा घटली, हा आकडा शोधावा. तो नसेल तर मागून घ्यावा. भाव मागे राहिला आणि कमाई वाढली, तर धीर धरायला आधार आहे. दोन्ही घसरले आणि पत्रात फक्त भावाचीच चर्चा असेल, तर झुकावाच्या नावाखाली चुकीची निवड झाकली जात असल्याची दाट शक्यता आहे.

इथे आणखी एक मर्यादा सांगायला हवी. स्वस्त कोण हे ठरवायला पुस्तकी मूल्याचं माप पूर्वीपासून वापरलं जातं. ते गिरण्या, पोलाद कारखाने आणि बँका यांना बऱ्यापैकी लागू पडतं. ज्या कंपनीची खरी संपत्ती सॉफ्टवेअर, ब्रँड किंवा संशोधन आहे, तिच्या ताळेबंदात ती संपत्ती फारशी दिसत नाही. अशी कंपनी या मापाने कायम महाग दिसते. एकाच मापाला चिकटून बसलेला मॅनेजर स्वस्त कंपन्यांऐवजी नुसत्या जुन्या कंपन्या गोळा करू शकतो. आपण कोणत्या मापाने मोजतो, हे पत्रात लिहिलेलं असावं.

एकाच महिन्यातली दोन पत्रं

मार्च 2000मध्येच, 1 तारखेला, आणखी एक पत्र निघालं. बर्कशायर हॅथवेचे वॉरन बफे यांनी भागधारकांना लिहिलेलं. बर्कशायर हा फंड नाही, कंपनी आहे. पण बफे दरवर्षी आपल्या प्रतिशेअर पुस्तकी मूल्याची वाढ एस अँड पी 500शी ताडून पत्राच्या सुरुवातीलाच देत असत. त्या वर्षी आकडे होते अर्धा टक्का विरुद्ध 21 टक्के. त्यांच्या कारकिर्दीतलं तोवरचं हे सर्वांत वाईट वर्ष होतं, आणि ते त्यांनी पत्राच्या आरंभीच लिहिलं.

तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये टिकाऊ सरशी कोणाची हे आपल्याला कळत नाही, म्हणून तिथे जात नाही, असं त्यांनी समजावलं. पण सगळा दोष त्या निर्णयावर टाकला नाही. आपल्याकडच्या काही मोठ्या कंपन्यांचा धंदाच त्या वर्षी मंदावला होता, हे मान्य केलं. जनरल री या विमा कंपनीचा मोठा तोटा वेगळा मांडला. आणि भांडवल कुठे गुंतवायचं या आपल्या मुख्य कामात स्वतःला ‘डी’ श्रेणी दिली. ठरवून घेतलेला मार्ग आणि स्वतःच्या चुका यांचे दोन वेगळे ढीग त्यांनी केले होते.

रॉबर्टसन यांच्या पत्रात मुख्य भर व्हॅल्यूचे दिवस गेल्यावर होता. पण टायगरला ऑक्टोबर 1998मध्ये जपानी येनच्या व्यवहारांत जबर फटका बसला होता, आणि यूएस एअरवेज या एकाच विमान कंपनीत त्यांची फार मोठी रक्कम अडकली होती. येनचा सौदा म्हणजे व्हॅल्यू झुकाव नव्हे. एका शेअरात प्रमाणाबाहेर पैसा घालणं हाही व्हॅल्यू झुकाव नव्हे. पहिला हिशेब तिथे लावला असता, तर सगळं नुकसान एका खात्यात बसलं नसतं.

तरीही दोघांच्या वाट्याला आलेल्या शेवटाचं कारण फक्त पत्रात नव्हतं. बर्कशायरचा भागधारक वैतागला तर तो आपला शेअर दुसऱ्याला विकतो, कंपनीच्या तिजोरीतून पैसा जात नाही. टायगरचा गुंतवणूकदार वैतागला की फंडातूनच पैसे काढून नेत होता. ऑगस्ट 1998पासून असे 7.7 अब्ज डॉलर गेले, असं रॉबर्टसन यांनीच लिहिलं. पैसे परत करायला मॅनेजरला शेअर विकावे लागतात. जे शेअर त्याच्याकडे मोठ्या प्रमाणात आहेत त्यांचा भाव त्याच्याच विक्रीने आणखी उतरतो. त्यामुळे परतावा आणखी खाली येतो, आणि ते पाहून पुढचा गुंतवणूकदार अर्ज भरतो. या चक्रात मॅनेजरचं म्हणणं बरोबर असूनही तो बुडू शकतो. म्हणून मागे पडण्याची शक्यता सांगणारं पत्र मागे पडण्याआधी गेलेलं असावं लागतं. नंतर गेलेल्या पत्राने थांबणारे लोक थोडेच असतात.

तिसरा हिशेब: आधी काय सांगितलं होतं

जुनी पत्रं काढून पाहावीत. चांगल्या वर्षात मॅनेजरने लिहिलं होतं का, की आमची पद्धत अशी आहे आणि अमुक प्रकारच्या बाजारात आम्ही मागे राहू? लिहिलं असेल तर आजचं कारण खरं धरायला जागा आहे. ‘व्हॅल्यू’ हा शब्द वाईट वर्षातच पहिल्यांदा आला असेल, तर तो शोधून आणलेला आहे.

तुलनेचा निर्देशांक तोच आहे ना, हेही पाहावं. वर्ष वाईट गेलं की पत्रात हळूच दुसरा, सोयीचा निर्देशांक येतो. भारतात एके काळी आणखी एक पळवाट होती. फंडाच्या परताव्यात लाभांश धरलेला असे आणि समोरच्या निर्देशांकात तो नसे. त्यामुळे फंड आपोआप थोडा पुढे दिसे, आणि भरपूर लाभांश देणाऱ्या स्वस्त शेअरांच्या फंडाला ही सवलत जास्तच मिळे. सेबीने 1 फेब्रुवारी 2018पासून म्युच्युअल फंडांना लाभांशासह मोजलेल्या, म्हणजे टोटल रिटर्न निर्देशांकाशीच तुलना करणं बंधनकारक केलं. पत्रात निर्देशांकापुढे ‘टीआरआय’ ही अक्षरं आहेत का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

आपल्याकडच्या वाचकाला पहिला हिशेबही घरी करता येतो. निफ्टी 500 टीआरआय, निफ्टी 500 व्हॅल्यू 50 टीआरआय आणि आपला फंड, या तिघांचे त्याच बारा महिन्यांचे परतावे एकाखाली एक लिहावेत. फंड मोठ्या निर्देशांकाच्या मागे आहे पण व्हॅल्यू निर्देशांकाच्या जवळपास किंवा पुढे आहे, तर झुकावाचं कारण पटण्यासारखं आहे. दोघांच्याही बराच मागे असेल, तर ते कारण अपुरं आहे. मात्र या व्हॅल्यू निर्देशांकात सरकारी बँका, ऊर्जा आणि धातू कंपन्यांचा भरणा मोठा असतो. तुमचा मॅनेजर त्या टाळत असेल तर ही फूटपट्टी अगदी अचूक बसणार नाही. पण मग त्याने आपल्याला कोणती फूटपट्टी लागू पडते हे पत्रात सांगावं.

किती थांबायचं

या प्रश्नाला तारखेचं उत्तर नाही, आणि जे पत्र ते देतं त्यावर विश्वास ठेवू नये. 1999नंतर वारा वर्षभरात फिरला, म्हणून दरवेळी तसंच होतं असं नाही. अमेरिकेत 2007पासून पुढची बहुतेक वर्षं ग्रोथ शेअरांची गेली. 2020मध्ये रसेल 1000चा ग्रोथ भाग 38.5 टक्के वाढला आणि व्हॅल्यू भाग अवघा 2.8 टक्के. 2022मध्ये ग्रोथ 29 टक्के पडला आणि व्हॅल्यू साडेसात. मधल्या काळात ‘पुढच्या वर्षी आपले दिवस’ असं दरवर्षी लिहिणारा मॅनेजर दहाहून जास्त वर्षं चुकत राहिला असता. निवृत्तीच्या पैशावर घर चालवणाऱ्या माणसाला इतका काळ थांबणं झेपत नाही. त्याने सगळी पुंजी एकाच झुकावावर ठेवू नये, मग पत्र कितीही प्रामाणिक असो.

खरं पत्र तारीख देत नाही. आपण कशावर चुकीचे ठरू, हे ते सांगतं. ‘आमच्या कंपन्यांची कमाई सलग दोन वर्षं घटली तर आमचं निदान चुकलं असं समजा’ या एका वाक्याची किंमत बाजाराविषयीच्या दहा पानी भाकितांहून जास्त आहे, कारण पुढच्या वर्षी ते ताडून पाहता येतं.

पीएमएसमध्ये शिरायला किमान 50 लाख रुपये लागतात. म्युच्युअल फंडात दरमहा काहीशे रुपयांनीही सुरुवात होते. रक्कम कोणतीही असो, पैसे देण्याआधी मॅनेजरकडे त्याच्या सर्वांत चांगल्या वर्षाचा तक्ता मागू नका, तो तुम्हाला न मागताही दाखवला जाईल. ज्या वर्षी तो निर्देशांकाच्या मागे पडला, त्या वर्षाचं पत्र मागा, आणि त्यात झुकावाचा वाटा व स्वतःच्या चुकांचा वाटा वेगळा लिहिला आहे का ते पाहा. लिहिला असेल तर पुढचं बोलणं सुरू करा. नसेल तर आपला चेक आपल्याच खिशात राहू द्या.